भाजलेले कॉफीचे दाणे कसे साठवावेत: अर्ध्या किलोच्या एका पाकिटाचा हिशेब

नवीन दळणयंत्र येतं, ताज्या भाजलेल्या दाण्यांचं पाकीट येतं, आणि पहिल्या आठवड्यात कॉफी अशी लागते की इतके दिवस आपण काय पीत होतो असं वाटावं. मग तिसऱ्या आठवड्यात तेच दाणे, तेच पाणी, तेच माप, तरी कपात नुसता कडवटपणा उरतो. बहुतेक जण अशा वेळी दळण बारीक करतात, पाणी जास्त तापवतात, कॉफीचं प्रमाण वाढवतात. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. चूक कॉफी करण्यात नव्हती, ती डब्यात होती.

खरं तर माझा डबा चांगलाच होता. जाड काच, रबरी रिंग, तारेची कडी लावून घट्ट बसणारं झाकण. फक्त तो दाण्यांच्या मानाने फार मोठा होता आणि मी तो रोज उघडत होते. या लेखाचा सगळा भर त्यावरच आहे: डबा किती महागडा आहे यापेक्षा त्यात रिकामी जागा किती आहे आणि झाकण किती वेळा उघडतं, यावर दाण्यांचं आयुष्य जास्त ठरतं. अंधार आणि गारवा हवाच, पण तो हवेच्या बंदोबस्तानंतर.

सोयीसाठी एकच उदाहरण धरू. ५०० ग्रॅमचं पाकीट, मध्यम भाजलेले दाणे, घरात कॉफी पिणारी एकच व्यक्ती, रोज एक मोठा कप, त्याला १८ ग्रॅम दाणे. म्हणजे २७ कप. पाकीट भाजल्यापासून चौथ्या दिवशी हातात आलं आहे.

दाण्यांच्या आत काय चाललेलं असतं

भाजताना दाण्याच्या आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि त्याच्या सूक्ष्म पोकळ्यांत अडकून राहतो. भाजणं संपलं की तो हळूहळू बाहेर पडायला लागतो. पहिल्या एक-दोन दिवसांत वेगाने, नंतर मंदावत, पण कित्येक आठवडे. गडद भाजलेला दाणा जास्त फुगलेला आणि ठिसूळ असतो, त्यामुळे त्यातला वायू लवकर निघून जातो. हलका भाजलेला दाणा घट्ट असतो, तो सावकाश सोडतो.

हा वायू आपला मित्र आहे. तो आतून बाहेर येत असतो तोवर बाहेरची हवा दाण्यात सहज शिरत नाही. पण तो बाहेर जाताना सुगंधही सोबत घेऊन जातो. कॉफीचा वास हा शेकडो वेगवेगळ्या संयुगांचा मिळून बनलेला असतो, आणि त्यातली काही इतकी हलकी असतात की झाकण उघडताच उडायला लागतात. ताज्या कॉफीचा जो पहिला झणका नाकाला लागतो, तो देणारी गंधकयुक्त संयुगं या यादीत सर्वात वर येतात. ती आधी जातात. फळांसारखा, फुलांसारखा नाजूक वास त्यांच्या मागोमाग. भाजकेपणा, कडवटपणा, चॉकलेटकडे झुकणारी चव मात्र बरीच टिकते. म्हणून शिळी होत चाललेली कॉफी एकदम वाईट लागत नाही, ती आधी एकसुरी होते.

दुसरं काम ऑक्सिजनचं. अरबिका दाण्यात वजनाच्या साधारण १५ टक्के तेल असतं. हवा लागली की सुगंधी संयुगं मोडतात आणि तेल हळूहळू खवट व्हायला लागतं. गडद भाजलेल्या दाण्यांवर जी तेलकट चकाकी दिसते ते हेच तेल, पृष्ठभागावर आलेलं, म्हणजे थेट हवेच्या तोंडी. असे दाणे दिसायला छान, पण खवट व्हायला सर्वात पुढे.

ओलावा, उष्णता आणि उजेड ही दोन्ही कामं जलद करतात. भाजलेल्या दाण्यात जेमतेम काही टक्के ओलावा उरलेला असतो, त्यामुळे तो आजूबाजूची दमट हवा ओढून घेतो. सादळलेला दाणा दातांनी फोडून बघा, 'कट्' असा तुटत नाही, थोडा चिवट लागतो. असं झालं की चव झपाट्याने उतरते.

पहिली पायरी: तारीख बघा आणि लिहा

पाकिटावर भाजल्याची तारीख शोधा. 'बेस्ट बिफोर' ची तारीख इथे उपयोगाची नाही. ती महिनोन् महिने पुढची असते आणि दाणे केव्हा भाजले याबद्दल काहीच सांगत नाही. भाजल्याची तारीखच नसेल, तर पुढचा सगळा हिशेब अंदाजावर जातो, म्हणून शक्यतो तारीख असलेलंच पाकीट घ्या.

आपल्या उदाहरणात आज चौथा दिवस आहे. पाकीट आजच फोडायची गरज नाही. फार ताज्या दाण्यांत इतका वायू असतो की गरम पाणी ओतलं की पूड फसफसून वर येते, पाणी तिच्यात नीट मुरत नाही, आणि कप तीक्ष्ण, अर्धवट उतरलेला लागतो. गाळून करायच्या कॉफीसाठी मध्यम भाजलेले दाणे साधारण आठवड्याभराने छान बसतात. एस्प्रेसोला आणखी थोडे दिवस द्यावे लागतात, कारण तिथे दाबाखाली हा वायू जास्तच गोंधळ घालतो. फार हलके भाजलेले दाणे तर दोन आठवडेही थांबतात. तेव्हा आपण सातव्या दिवसापर्यंत पाकीट तसंच बंद ठेवू.

बंद पाकीट यासाठी चांगलं का, तर त्यावरची ती छोटी गोल झडप. आतला वायू तिच्यातून बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. ती खरी झडप आहे की नुसतं भोक, हे कळायला पाकीट दोन्ही हातांनी हलकेच दाबा. थोडा वायू बाहेर येईल. हात सोडल्यावर पाकीट दबलेलंच राहिलं तर झडप काम करते आहे. परत फुगलं तर हवा आत जाते आहे, आणि मग ते पाकीट साठवणीसाठी धरू नका. ही परीक्षा एकदाच करायची. रोज येता-जाता पाकीट दाबून वास घेण्याचा मोह खूप होतो, पण नाकाला जे मिळतं ते कपातून वजा होतं.

दाणे आतून अस्तर नसलेल्या साध्या कागदी पिशवीत आले असतील, तर त्याच दिवशी डब्यात काढा. कागदातून हवाही जाते आणि ओलावाही.

दुसरी पायरी: डबा निवडा, पण आधी त्याचं माप घ्या

दाणे हलके असतात. १२५ ग्रॅम दाण्यांना साधारण ३५० मिलिलिटर जागा लागते. गडद भाजलेल्यांना थोडी जास्त, कारण ते फुगलेले असतात. म्हणजे आपल्या ५०० ग्रॅमला जवळजवळ दीड लिटरची बरणी लागेल. बहुतेक नवखे लोक तशीच एक देखणी बरणी आणतात आणि सगळे दाणे तिच्यात ओततात.

आता बघा काय होतं. चौदाव्या कपानंतर बरणी निम्मी रिकामी झालेली असते. दाण्यांच्या वर पाऊण लिटरच्या आसपास हवा. तुम्ही सकाळी झाकण उघडता, आतला सुगंध आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, ताजी हवा आत येते, तुम्ही झाकण घट्ट लावता. त्या घट्ट झाकणाने आता नेमकं काय आत कोंडलं? ऑक्सिजन. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा भरणा. सत्ताविसाव्या कपाचे दाणे तोवर २६ वेळा या हवेला सामोरे गेलेले असतात. हवाबंद हा शब्द डब्याला लागू होतो, पण रोज उघडणाऱ्या डब्यातल्या दाण्यांना नाही.

यावर सर्वात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे वाटणी. पाचशे ग्रॅमचे सव्वाशे-सव्वाशेचे चार भाग करा. प्रत्येक भाग सात कपांचा, म्हणजे एका आठवड्याचा. चौथ्या भागातल्या शेवटच्या कपाचे दाणे आता २६ ऐवजी फक्त सहा वेळा हवा बघतील, आणि तोवर काठोकाठ भरलेल्या डब्यात, जिथे हवा आहे ती फक्त दाण्यांच्या फटींत, तिथे निवांत असतील.

त्यासाठी साडेतीनशे-चारशे मिलिलिटरच्या दोन बरण्या पुरतात. दोनच का, ते पुढे येईल. काच उत्तम, कारण तिला वास धरत नाही आणि ती नीट धुता येते. स्टीलही चांगलं, आणि त्यात उजेडाचा प्रश्नच मिटतो. प्लॅस्टिक शक्यतो टाळा. कॉफीचं तेल त्यात मुरतं, साबणाने घासूनही जात नाही, आणि महिन्याभराने रिकाम्या डब्याला जुन्या तेलाचा वास येतो. पुढच्या ताज्या दाण्यांना तो पहिल्याच दिवशी लागतो.

बाजारात हाताने हवा ओढून घेणारे व्हॅक्युम डबे मिळतात. ते वाईट नाहीत, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. हातपंपाने सगळी हवा निघत नाही, थोडी कमी होते. शिवाय ताजे दाणे वायू सोडत असल्याने एक-दोन दिवसांत आतली पोकळी आपोआप भरते, आणि लोकांना वाटतं डबा गळतोय. त्यापेक्षा मला तो दुसरा प्रकार जास्त पटतो, ज्यात आतलं झाकण खाली दाबत दाण्यांच्या पृष्ठभागापर्यंत नेता येतं. दाणे कमी होतात तशी रिकामी जागाही कमी होते. एकच डबा घ्यायचा असेल तर हा घ्या. पण दोन साध्या लहान बरण्यांनी तेच काम होतं.

झाकणाची परीक्षा

बरणी कोरडी करा. आत कागदी रुमालाचा एक तुकडा टाका, झाकण लावा, आणि बरणी पाण्याने भरलेल्या भांड्यात आडवी बुडवून पाचेक मिनिटं धरून ठेवा. पाणी कोमट घेतलंत तर आणखी चांगलं, कारण आतली हवा प्रसरण पावते आणि फट असेल तिथून बुडबुडे निघताना दिसतात. बाहेर काढा, बाहेरून नीट पुसा, मगच उघडा. कागद कोरडा आणि बुडबुडे नाहीत, तर बरणी पास. एखाद-दुसरा बुडबुडा झाकणाच्या कडेला अडकलेल्या हवेचाही असू शकतो. सतत माळ निघत असेल तर रबरी रिंग बदला.

मी ही परीक्षा पहिल्यांदा केली तेव्हा घरातल्या पाच बरण्यांपैकी दोनच टिकल्या. बाकीच्या तिघींची झाकणं हाताला अगदी घट्ट लागत होती. हाताच्या अंदाजावर म्हणूनच विसंबू नका.

दाणे ताजे असताना आणखी एक खूण मिळते. भरलेली बरणी रात्रभर बंद ठेवून सकाळी उघडली की बारीकसा 'फुस्स' आवाज येतो. हा आतल्या वायूचा दाब. दाणे आठवड्याभराचे आहेत आणि तरी आवाज नाही, तर झाकण गळत असण्याची शंका घ्या. तीन-चार आठवड्यांच्या दाण्यांकडून मात्र या आवाजाची अपेक्षा नको.

इथेच एक सावधगिरी. घरी दाणे भाजत असाल, तर नुकतेच भाजलेले दाणे फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीत लगेच घट्ट बंद करू नका. पहिल्या दिवसात निघणारा वायू बराच असतो आणि त्याला वाट नसेल तर बरणीत चांगलाच दाब साठतो. एक-दोन दिवस झडपेच्या पिशवीत ठेवा, मग बरणीत भरा.

तिसरी पायरी: सातव्या दिवसाची वाटणी

आता प्रत्यक्ष काम. दहा-पंधरा मिनिटांचं आहे, पण एका दमात करावं, पाकीट उघडं टाकून फोनवर बोलत बसू नये.

दोन बरण्या धुऊन पूर्ण कोरड्या झालेल्या असू द्या. पूर्ण म्हणजे झाकणाच्या खाचेत, रिंगेच्या खाली, कुठेही पाण्याचा थेंब नको. मी आदल्या रात्रीच धुऊन उपड्या ठेवते. शेजारी वजनकाटा आणि झिपच्या चार जाड पिशव्या.

पाकीट फोडा. पहिल्या बरणीत १२५ ग्रॅम घ्या, बरणी ओट्यावर दोन-तीनदा हलकेच आपटा म्हणजे दाणे खाली बसतात, आणि वर बोटभर जागा उरली तर आणखी चार दाणे घाला. काठोकाठ भरणं महत्त्वाचं, ग्रॅमचा हिशेब इकडेतिकडे झाला तर चालेल. झाकण लावा. दुसरी बरणी तशीच. उरलेले २५० ग्रॅम दोन झिपच्या पिशव्यांत निम्मे-निम्मे. पिशवी दाण्यांभोवती दाबून हवा काढा, झिप लावा, आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून तिचीही हवा काढा. या दोन दुहेरी पिशव्या फ्रीझरमध्ये जातील.

प्रत्येकावर चिकटपट्टी लावून दोन तारखा लिहा: भाजल्याची आणि आजची. दोन आठवड्यांनी दोन्ही पिशव्या सारख्याच दिसतात आणि आठवण साथ देत नाही.

दोनच बरण्या का, याचं उत्तर या वेळापत्रकात आहे. पहिली बरणी सातव्या ते तेराव्या दिवसापर्यंत चालेल, दुसरी चौदाव्या ते विसाव्यापर्यंत. खोलीच्या तापमानाला, नीट बंद ठेवलेल्या दाण्यांची सर्वात चांगली चव साधारण याच काळात मिळते. उरलेला अर्धा माल चौथ्या-पाचव्या आठवड्यात जाणार, आणि तोवर बाहेर ठेवला तर चव उतरलेलीच मिळेल. म्हणून त्याला गारठवायचं. तुम्ही दिवसाला दोन कप पीत असाल तर पाकीट दोन आठवड्यांतच संपेल आणि फ्रीझरची भानगड हवीच कशाला. तेव्हा चार बरण्या, किंवा दोन बरण्या आणि बाकीचे दाणे मूळ पाकिटात हवा दाबून काढून, वरून गुंडाळून, चिमटा लावून ठेवलेले. झडप चांगली असेल तर मूळ पाकीट कुठल्याही डब्याच्या तोडीचं असतं.

चौथी पायरी: जागा

बंद फडताळ, आणि स्वयंपाकघरातलं सर्वात गार फडताळ. शेगडीच्या वरचं किंवा शेजारचं नको, ओव्हनला चिकटलेलं नको, फ्रीजच्या माथ्यावर नको, कारण फ्रीज आतली उष्णता बाहेरच फेकत असतो. खिडकीशी तर नकोच. स्वयंपाक झाल्या झाल्या निवडलेल्या फडताळात आतपर्यंत हात घालून बघा. आतली हवा कोमट लागली तर जागा बदला.

उष्णता नुसती चव उतरण्याचा वेग वाढवत नाही. दिवसा तापणारी आणि रात्री गार होणारी जागा असेल तर डबा श्वास घेतल्यासारखा वागतो. तापला की आतली हवा पसरून फटीतून बाहेर जाते, गार झाला की बाहेरची आत ओढली जाते. झाकण थोडं जरी कच्चं असेल तरी ही ये-जा रोज होते, तुम्ही डबा उघडला नाहीत तरी. म्हणून एकसारख्या तापमानाची जागा ही अगदी गार पण चढउतार होणाऱ्या जागेपेक्षा बरी.

उजेडाबद्दल थोडक्यात. ऊन आणि प्रखर दिवे तेलाचं खवट होणं वाढवतात, पण काचेची बरणी बंद फडताळात असेल तर तिथे उजेड पोचतच नाही. उघड्या मांडणीवर ठेवायची असेल तरच अपारदर्शक डबा हवा.

दळणयंत्राच्या वरचं ते पारदर्शक भांडं ही साठवणीची जागा नव्हे. झाकण सैल, चहूबाजूंनी उजेड, खाली मोटारीची ऊब. कपापुरते दाणे मोजून त्यात टाकावेत, आठवड्याचे भरून ठेवू नयेत.

फ्रीज नाही, फ्रीझर चालेल

या दोन्हींत लोक फार गल्लत करतात. फ्रीजचा खालचा कप्पा दमट असतो, त्यात दहा पदार्थांचे वास असतात, आणि दाणे वास ओढून घेण्यात पटाईत असतात. शिवाय डबा रोज बाहेर काढला की गार दाण्यांवर हवेतलं पाणी धरतं, जसं थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून दव येतं तसं. ते पाणी दाण्यात शिरतं. म्हणजे थोडा गारवा मिळवायला ओलावा विकत घेतला.

फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांच्या आसपास, चव उतरण्याची क्रिया इतकी मंदावते की महिना-दोन महिने तुम्हाला फरक शोधावा लागतो. पण त्याला अट आहे: पिशवी एकदाच आत जाईल आणि एकदाच बाहेर येईल. म्हणून तर वाटणी आधी करायची.

आपल्या वेळापत्रकात विसाव्या दिवशी रात्री पहिली पिशवी बाहेर काढा आणि तशीच बंद, बाहेरच्या पिशवीसकट, ओट्यावर ठेवून झोपा. दव पिशवीच्या बाहेर धरेल, दाण्यांवर नाही. सकाळी पिशवी खोलीच्या तापमानाला आलेली असेल, बाहेरून कोरडी पुसा, मग उघडा आणि दाणे रिकाम्या झालेल्या, धुऊन वाळवलेल्या बरणीत भरा. इथे घाई केली तर सगळं वाया. मी एकदा सकाळी उठल्यावर आठवलं म्हणून गारठलेली पिशवी तशीच उघडली. पाच मिनिटांत दाणे मंद दिसायला लागले, बोट फिरवलं तर ओलसर लागलं, आणि तो आठवडाभर प्रत्येक कपाला कोंदट वास आला.

एकदा बाहेर काढलेले दाणे परत फ्रीझरमध्ये ठेवू नका. एकेका कपाच्या, १८-१८ ग्रॅमच्या पुड्या करून गारठवल्या असतील तर मात्र वितळायची वाट बघायला नको. पुडी फोडली, तशीच गार दळली, लगेच पाणी ओतलं, इतक्या वेळात दव धरायला सवड मिळत नाही. थंड दाणे दळल्याने पूड जास्त एकसारखी येते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातही दिसलं आहे. दळण किंचित बारीक पडेल, तेवढं दळणयंत्र जाडसर दळणावर करून घ्यायचं.

चव किती वेगाने जाते

आकडे ढोबळच असणार, कारण दाणे, भाजणं, हवामान सगळं बदलतं. तरी अखंड दाण्यांचा अंदाज असा. उघड्या पिशवीत किंवा सैल झाकणाच्या डब्यात आठवड्याभरात फरक जाणवतो, दोन आठवड्यांत कप सपाट. चांगल्या झाकणाच्या, भरलेल्या डब्यात भाजल्यापासून चार आठवड्यांपर्यंत छान, त्यानंतर उतरण. न फोडलेल्या झडपेच्या पाकिटात त्याहून थोडं जास्त. गडद भाजलेले असतील तर या सगळ्यातून आठवडाभर कमी करा.

दळलेल्या कॉफीचं गणित वेगळंच आहे. दाणा फुटला की त्याचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो आणि आतला वायू काही मिनिटांतच मोठ्या प्रमाणात निघून जातो. सकाळी दळलेल्या पुडीत संध्याकाळी स्पष्ट फरक असतो. कुठलाही डबा हे थांबवू शकत नाही. दळणयंत्र नसेल तर पाव किलोच्या जागी शंभर ग्रॅमच दळून आणा, लहान डब्यात दाबून भरा, आणि आठवड्यात संपवा.

घरच्या घरी हे बघायची सोपी रीत आहे. दर रविवारी १८ ग्रॅम दाणे दळा, गाळणीत पूड सपाट करा, आणि तिच्यावर ४० ग्रॅम कडकडीत पाणी ओता. वरून बघत राहा. पहिल्या रविवारी पूड पावासारखी फुगून वर येईल, मधोमध घुमट धरेल, मोठे बुडबुडे फुटतील. तिसऱ्या रविवारी फुगणं निम्म्यावर आलेलं दिसेल. पाणी पडताच पूड तशीच चिखलासारखी खाली बसली, एकही बुडबुडा नाही, तर वायू संपला. दळण आणि माप दर वेळी तेच ठेवा, नाहीतर तुलना फसेल. हलके भाजलेले दाणे मुळातच कमी फुगतात, त्यांची तुलना गडद दाण्यांशी करू नका. आणि हेही ध्यानात असू द्या की फुगणं हा वायूचा पुरावा आहे, सुगंधाचा नाही. सादळलेले दाणेही थोडे फुगतात.

म्हणून नाक आणि जीभ. कोरडी पूड हुंगल्यावर वास आपणहून वर येऊन भेटायला हवा. पेल्यात नाक खुपसावं लागत असेल तर उतरण सुरू झाली आहे. पुढे कपात पुठ्ठ्यासारखी, ओल्या लाकडासारखी चव येते. सर्वात शेवटी जुन्या तेलाचा खवटपणा, जो घोट गिळल्यावर घशात रेंगाळतो. पुठ्ठ्याच्या टप्प्यावरची कॉफी प्यायला काही हरकत नाही, ती फक्त नीरस असते. खवट झालेली मी टाकून देते. दाण्यांवर बुरशी दिसली किंवा कुबट वास आला, तर विचार न करता सगळा डबा फेकायचा.

बरणी रिकामी झाल्यावर

जुन्या दाण्यांवर नवे ओतायची सवय लावून घेऊ नका. तळाशी राहिलेले आठ-दहा दाणे पुढच्या आठवड्यातही तळाशीच राहतात, आणि काचेला लागलेलं तेल खवट होऊन नव्या दाण्यांना वास देतं. बोट आतून फिरवा, निसरडं लागेल. ते तेल. गरम पाणी आणि वास नसलेला साबण घेऊन बरणी घासा, रबरी रिंग काढून तिची खाच वेगळी धुवा, आणि सगळं उपडं करून रात्रभर वाळू द्या. सकाळी बरणी कोरडी झाल्यावर तिच्यात नाक घालून बघा. काहीच वास आला नाही तर भरा. आलाच, तर बहुतेक वेळा तो रिंगेचा असतो.